१३ ते १६ तारखेला तुझ्याकडे तीन रात्री जमेल का? (नाही जमलं तरी चालेल)

मंजू,

फोन न करता मेल का, असं वाटेल तुला. फोनवर विचारलं असतं तर तू "अगं ये की, विचारतेस काय" म्हणून मोकळी झाली असतीस आणि मग रात्री सचिनदाजींना कसं सांगायचं म्हणून विचार करत बसली असतीस. म्हणून लिहिते आहे. घाई नाही, घरात बोलून मग कळव.

तर झालं असं की मुंबईकडून दोन ठिकाणी इंटरव्ह्यूचं बोलावणं आलंय, तेही एकाच आठवड्यात. मंगळवारी १४ तारखेला रबाळे एमआयडीसीत एका फार्मा कंपनीत, क्यूसीसाठी. तिथं पहिल्या फेरीत निभावलं तर बुधवारी प्रॅक्टिकल घेणार आहेत, एचपीएलसीवर बसवून. आणि गुरुवारी अंधेरीला, एमआयडीसीतच एक टेस्टिंग लॅब आहे तिथं. शिरोलीत फाउंड्रीची सॅम्पलं तपासून तपासून आता कंटाळा आलाय. लोखंडात कार्बन किती, सिलिकॉन किती, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. आपण एमएस्सीला जे शिकलो ते हातातून पूर्ण जायच्या आत एकदा प्रयत्न करून बघते.

विचारायचं ते हे: सोमवार, मंगळवार, बुधवार अशा तीन रात्री तुझ्याकडे डोंबिवलीला राहिले तर चालेल का?

रविवारी रात्री महालक्ष्मीनं निघेन, सोमवारी पहाटे कल्याणला उतरेन आणि लोकलनं येईन. इंटरव्ह्यू मंगळवारी असताना एक दिवस आधी येते, कारण हे पावसाचे दिवस. २०१९च्या जुलैत हीच महालक्ष्मी वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली होती आणि लोकांना बोटींतून बाहेर काढावं लागलं होतं, आठवतंय ना? तेव्हापासून आई जुलैच्या प्रवासाचं नाव काढलं की देव पाण्यात घालून बसते. गुरुवारी अंधेरीचं आटोपलं की रात्री कल्याणहून महालक्ष्मीनंच परत. म्हणजे गुरुवारचा मुक्काम नाही.

आता तुझ्या घरचं. मला माहीत आहे की तुमचा वन बीएचके आहे. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नाहीत, त्या हॉलमध्येच दिवाणावर झोपत असतील. अर्णवचं दहावीचं वर्ष. दाजींची नाइट असली तर ते दिवसा झोपतात. यातलं एक कारणसुद्धा नकार द्यायला भरपूर आहे, आणि यातलं एकही नसून नुसतंच "या आठवड्यात घरात पाहुणं नको वाटतंय" असलं तरी तेही मला पूर्ण पटेल. कारण सांगायचीही गरज नाही. "या वेळी नाही जमत गं" एवढं लिहिलंस की विषय संपला. मी विचारलं होतं हे काकूंच्या कानावरही जायला नको, नाहीतर त्या उगाच हळहळत बसतील.

माझी दुसरी सोय बघून ठेवली आहे. ठाण्यात स्टेशनजवळ एक लॉज आहे, आमच्या लॅबमधली एक मुलगी तिथं राहून आली, बायकांना ठीक आहे म्हणाली. खोली धरून ठेवलीय, शनिवारी दुपारपर्यंत रद्द केली तर पैसे कापत नाहीत. खरं सांगायचं तर रबाळ्याला जायला ठाणंच जवळ पडतं. तुझ्याकडे आले तर थोडे पैसे वाचतील आणि तुझ्याशी रात्री गप्पा होतील, एवढाच फरक. त्यामुळे तू नाही म्हणालीस तर मी रस्त्यावर येईन असलं काही मनात आणू नकोस.

आणि जमणारच असेल, तर माझं कसं असेल ते सांगते, म्हणजे तुला अंदाज येईल. मला अंथरायला एक सतरंजी पुरे, चादर आणि उशीचा अभ्रा घेऊन येईन. हॉलमध्ये काकू असतील तर स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपेन, हॉस्टेलला तिघी एका खोलीत झोपत होतो त्यापेक्षा तिथं नक्कीच ऐसपैस आहे. सकाळी तुमच्या सगळ्यांच्या अंघोळी, डबे आणि नळाचं पाणी यांच्या मध्ये यायचं नाही म्हणून मी पाचला उठून आवरून घेईन. रबाळ्याला दहाला पोचायचंय, ठाण्याला गाडी बदलावी लागेल, आठची गर्दी बघता साडेसातलाच बाहेर पडेन. अंधेरीला घाटकोपरहून मेट्रो धरेन. बुधवारी प्रॅक्टिकलला बोलावलं नाही तरी दिवसभर घरात बसून राहणार नाही, दाजींची झोप मोडायला नको. ठाण्याला मावसबहिणीचं बाळ बघायचं राहिलंय, तिकडे जाईन. (तिच्याकडेच का राहत नाहीस म्हणशील. दीड महिन्याचं बाळ, सासर आणि दोन नणंदा माहेरी आलेल्या. तिला विचारलंच नाही.)

जेवणाचं काही करायचं नाही. तुम्ही जे खाल त्यातलं रात्री एकदा चालेल, दुपारचं बाहेर. सुट्टी काढू नकोस, स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस आणि दाजींनाही पाठवू नकोस. फक्त एक मागणं: कुर्त्याला फिरवायला इस्त्री लागेल, पावसात बॅगेतून सुरकुत्या पडणारच.

तीन रात्री जास्त होत असतील पण एखादी चालत असेल, तर सोमवारची दे, इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री ओळखीच्या घरात झोप लागेल. पुढच्या दोन मी ठाण्यात काढेन. आणि मुक्काम अजिबात जमत नसेल तर बुधवारी संध्याकाळी डोंबिवली स्टेशनजवळ अर्धा तास चहाला ये. तेही नाही जमलं तर गणपतीत तू कोल्हापूरला येशीलच.

आणखी एक. कांदा-लसूण मसाला आईनं या वर्षी दोन किलो जास्त कुटलाय, त्यातला तुझा अर्धा किलो वेगळा ठेवलाय. तो तू हो म्हण की नाही म्हण, तुझाच आहे. घरी आले तर हातात देईन, नाहीतर चहाला भेटलीस तर तेव्हा, नाहीतर कुरियर. त्याचा या विचारण्याशी काही संबंध नाही.

शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवलंस तर बरं. तोपर्यंत काही आलं नाही तर जमत नाही असं समजून मी लॉज पक्का करेन, मग नंतर "अगं मेल बघायचाच राहिला" वगैरे खुलासा करत बसू नकोस. मी परत विचारणार नाही आणि आठवणही करणार नाही.

आपल्या बॅचच्या ग्रुपवर मात्र यातलं काही लिहू नकोस, शुभेच्छासुद्धा नकोत. आमच्या सरांचा भाचा आहे त्यात. मी इथं आजारपणाची रजा टाकणार आहे.

काकूंना नमस्कार सांग, गुडघा आता वाकतोय का तेही कळव. अर्णवला म्हणावं, केमिस्ट्रीत काही अडलं तर मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठव, रात्री नऊनंतर मोकळी असते.

तुझी,
स्वाती