किरकोळ जमा

सकाळचे 6:10. माधवरावांनी शटरची कडी धरून वर ओढली, शटर मधेच अडकलं, उजव्या पट्टीवर गुडघा मारल्यावर सुटलं. मागून दूधवाल्याची हाक आली, "काका, आज अर्धा की एक?"

ही हाक चौथ्यांदा आल्यावर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मंगळवार, 8 नोव्हेंबर 2016. पंढरपुरात कार्तिकी तोंडावर आलेली, आणि मंगळवार काही संपत नव्हता.

दुकान महाद्वाराकडे जाणाऱ्या बोळात. बुक्का, कुंकू, तुळशीमाळा, चुरमुरे, बत्तासे. दिवसाचा क्रम ठरलेला. 9:20 ला एका पोराच्या हातून माळ तुटायची आणि मणी पायरीवरून गटारापर्यंत जायचे. 11 वाजता चुरमुऱ्याची 2 पोती आणि 20 किलो बत्तासे उतरायचे. रात्री आठनंतर शेजारच्या टीव्हीवर पंतप्रधान सांगायचे, की मध्यरात्रीपासून पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून बाद. मग बाराचा ठोका, आणि पुन्हा हातात शटरची कडी.

पहिल्या काही मंगळवारांत त्यांनी एवढं पक्कं केलं. बारानंतर वस्तू, पैसे, शाई, अंगावरची जखम, सगळं 6:10 च्या जागी जातं. उरते फक्त त्यांची आठवण. बाकीची माणसं तेच बोलतात, जोवर माधवराव वेगळं काही करत नाहीत. केलं तर फरक तिथूनच पसरतो. माळ तुटण्याआधी पोराच्या हातातून घेतली, तर पोराची आई थांबून 10 रुपयांचं कुंकू घेते. नाही घेतली, तर मणी वेचून निघून जाते. बायकोला सांगितलं, तिनं विश्वासही ठेवला, पण सकाळी तिला काही ठाऊक नव्हतं.

लोभही करून पाहिला. गल्ल्यातली 3,240 ची शिल्लक त्यांना तोंडपाठ झाली होती: हजाराची 1, पाचशेच्या 2, शंभराच्या 9, पन्नासच्या 4, दहाच्या 14. एका मंगळवारी त्यांनी मोठ्या नोटा बत्ताशेवाल्याच्या हातात ठेवल्या आणि शंभरं राखली. बारा वाजले, नोटा परत गल्ल्यात. जो दिवस पुढे जात नाही, त्यात नोट मरत नाही आणि नफाही टिकत नाही.

सुटकेची वाट त्यांनी रोजमेळात शोधली, कारण दुसरं काही त्यांना वाचताच येत नव्हतं. आरंभीची शिल्लक 3,240. जमा: रोख विक्री 6,415, उधारी वसुली 800. नावे: चुरमुरे 1,160, बत्तासे 1,400, हमाली 40, चहा 30. अखेरची शिल्लक 7,825. गल्ला मोजला, 7,825. रुपयाचा फरक नाही. एका मंगळवारी दुकान उघडलंच नाही. शिल्लक 3,240 ची 3,240. तरीही सकाळी तीच हाक.

म्हणजे खोट मंगळवारात नव्हती. मंगळवार कसाही घालवला तरी जे बदलत नव्हतं, ते एकच होतं: मागून ओढून आणलेला आकडा.

त्यांनी पान उलटलं. सोमवार, जमेच्या बाजूला सर्वांत खाली, त्यांच्याच घाईच्या अक्षरात: किरकोळ जमा 450.

रात्री गल्ला वाढला होता, कारण सापडलं नव्हतं, म्हणून मेळ बसवायला ही ओळ घातली होती. कमी पडलं की दुकानदार रात्र जागवतो. जास्त निघालं की झोपतो. आता त्यांनी सोमवारची कच्ची वही ओळीओळीनं चाळली. बुक्का 10, माळ 25, बत्तासे 15, एकूण 50. पाचशेतून पन्नास गेले की उरतात चारशे पन्नास. आणि ती आठवली: कपाळावर गोंदण, हातात पाचशेची घडी घातलेली नोट. "सुट्टे नाहीत आजी, उद्या या," असं त्यांनी म्हटलं होतं. नाव विचारलं नव्हतं.

ती मंगळवारी आलीच नव्हती. एकाही मंगळवारी नाही.

मग शोध. कागदावर खूण करून उपयोग नव्हता, रात्री कागद कोरा होई. म्हणून प्रदक्षिणा मार्गानं डाव्या हाताचे मठ आणि धर्मशाळा क्रमानं पाठ करायच्या. माल उतरवून 11:30 ला दुकान बंद, आठ ठिकाणं, दुसऱ्या दिवशी नवव्यापासून पुढे. यात एक धोका होता. ती चालतीफिरती असेल तर ते तिसऱ्या मठात असताना ती बाराव्यात असेल, आणि उद्या बाराव्यात जाईपर्यंत तिसऱ्यात. म्हणून प्रत्येक ठिकाणी रोज त्याच वेळी न जाता, जिथे माणसं नुसती "बाहेर गेलीत" असं कळे, तिथे पुढच्या मंगळवारी तासभर उशिरा जायचं. सहाव्या फेरीत घाटाच्या गल्लीतल्या एका मठात, जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत, ती तापानं पडलेली सापडली. म्हणूनच ती येत नव्हती.

"आजी, तुमचे सुट्टे राहिले होते."

तिनं डोळे किलकिले केले. "मीच म्हटलं, उद्या जाऊ. उठवलंच नाही बघा."

माधवरावांनी तिचीच पाचशेची नोट दिली आणि वरचे पन्नास सोडून दिले. शंभरं त्यांना राखायची होती. सुटका झालीच तर बुधवारी शंभराची किंमत काय असेल, हे त्या बोळात एकट्यांनाच माहीत होतं. बारा वाजले. हातात कडी.

देणं 450 होतं, गेले 500, म्हणून असेल. पुढच्या मंगळवारी त्यांनी पाचशे देऊन तिच्याकडून पन्नास परत घेतले. आकडा बरोबर. पुन्हा कडी. एकच गोष्ट बदलून पाहिली होती, त्यामुळे उरलेली दुसरी दोषी ठरली: नोट. बारा वाजता जी बाजारात चालणार नाही, ती देऊन देणं फिटत नाही.

त्या मंगळवारी त्यांनी गल्ल्यातून शंभराच्या 4 आणि पन्नासची 1 वेगळी काढली. जिन्याखाली बसून तिच्या हातावर एकेक मोजली. तिनं नोटा परकराच्या खिशात ठेवल्या, खिशावरून हात फिरवला. त्यांनी नाव विचारलं. "सोनाबाई," ती म्हणाली, "परभणीकडली." बाहेर येऊन त्यांनी मठवाल्याला डॉक्टर बोलवायला लावलं.

रात्री वहीत लिहिलं. जमा: विक्री 2,905. नावे: चुरमुरे 1,160, बत्तासे 1,400, हमाली 40, चहा 30, सोनाबाई, सोमवारची चुकीची जमा परत 450. शिल्लक 3,065. गल्ला मोजला. मग पुन्हा मोजला. बारा वाजले तेव्हा पेन त्यांच्या हातातच होतं, आणि ते पेनच राहिलं.

सकाळी शटर पट्टीवर गुडघा मारूनच सुटलं. दूधवाला हाक न मारता जवळ आला. "काका, पाचशे कोण घेईना. बँकाही बंद."

सातच्या सुमाराला एक वारकरी बाई पायरीवर आली, 20 रुपयांचा बुक्का मागितला, कनवटीची पाचशेची नोट पुढे केली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मागे घेऊ लागली.

माधवरावांनी बुक्क्याची पुडी बांधून तिच्या हातात दिली आणि वही ओढली. बुधवार, 9 नोव्हेंबर. शिल्लक 3,065. खाली: उधार 20.

"मावशी, नाव काय? आणि गाव?"