मेधा, शेवटपर्यंत वाच

प्रिय मेधा,

हे सगळं फोनवर बोलायला गेले तर तू 'पुरे गं' म्हणून विषय बदलशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून पत्र. मध्येच थांबवायचं नाही, शेवटपर्यंत वाच.

मॅमोग्राम स्वच्छ आला हे तुला रिपोर्ट हातात पडताच कळवलं होतं. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली, आणि सकाळी जाग आल्यावर पहिल्यांदा वाटलं की गेल्या वर्षाकडे आता मागे वळून बघता येईल. बघितलं, तर जिकडेतिकडे तूच दिसलीस.

निदान झालं तेव्हा 'काही लागलं तर सांग' असं सगळेच म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. पण आजारी माणसाला आपल्याला काय हवंय तेच सुचत नाही. सुचलं तरी मागायला जीभ उचलत नाही. तू तसं एकदाही म्हणाली नाहीस. 'गुरुवारी दुपारी येतेय. बोलावंसं वाटलं तर बोलू, नाहीतर तू पड, मी माझं काम करत बसेन,' असं सांगून तू यायचीस. मला ठरवायला काही उरतच नसे. त्या काळात त्याहून मोठी मेहेरबानी दुसरी नव्हती.

डॉक्टरांच्या पहिल्या भेटीत 'कर्करोग' हा शब्द ऐकल्यानंतर माझ्या कानात काहीच शिरलं नव्हतं. तू शेजारी बसून वहीत लिहीत होतीस. आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन, कोणती गोळी कशासाठी, कशाने काय त्रास होऊ शकतो. आणि शेवटी तू विचारलेला प्रश्न मला घरी आल्यावर तुझ्याच अक्षरात वाचायला मिळाला: 'रात्री ताप आला तर कुणाला फोन करायचा आणि कुठे यायचं?' खाली चौकटीत उत्तर होतं. १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही.

ती चौकट खरंच कामाला आली. केमोनंतरचा दुसरा आठवडा, पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या, आणि रात्री थर्मामीटरवर १००.६. मला नुसती पडून राहायची इच्छा होती. 'एवढासाच तर आहे, उतरेल,' असं मी म्हणत होते. तू वाद घातला नाहीस. वही उघडून ते पान माझ्यासमोर धरलंस आणि दुसऱ्या हाताने फोन लावलास. तातडीच्या विभागात पोहोचल्यावर तू उच्चारलेलं पहिलं वाक्य मला अजून ऐकू येतं: 'हिची केमो चालू आहे आणि ताप आहे.' पुढची मागची हकिगत नाही, घाबरलेला सूर नाही. त्या एका वाक्याने सगळे हलले. पेशी कमी असताना साधा संसर्गही काही तासांत अंगभर पसरू शकतो, हे डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं, आणि मला मग घाम फुटला. तुला ते आधीच कळलेलं होतं. तू वाचून ठेवलं होतंस आणि मला मात्र घाबरवलं नव्हतंस.

बटणांचं तर मी कुणालाच सांगितलेलं नाही. नंतरच्या औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली होती. कुर्त्याचं वरचं बटण काजात जाईना. चिमटीत धरलंय असं वाटायचं आणि ते निसटलेलं असायचं. एका सकाळी मी आरशासमोर तेवढ्यावरून रडत होते. केस गेले तेव्हा आले नव्हते इतके अश्रू त्या बटणाने आणले. तू आत आलीस, काही न विचारता समोर उभी राहिलीस आणि बटण लावलंस. पुढच्या वेळी येताना पुढून उघडणारे, मोठ्या चापाचे दोन सदरे घेऊन आलीस. ऑपरेशननंतर हात वर होत नव्हता तेव्हाही तेच उपयोगी पडले. तो विषय तू त्यानंतर कधी काढला नाहीस.

लोकांचे फोन तू अंगावर घेतलेस, तेही राहिलंच सांगायचं. कुणाच्या ओळखीतलं कोण कशाने बरं झालं, कुणाचं काय झालं, हे ऐकण्याची माझ्यात ताकद नव्हती. तू मला 'धीर धर, लढ' असंही कधी म्हणाली नाहीस. मी वाईट दिवशी वाईट असू शकत होते. तुझ्यासमोर तोंड हसरं ठेवावं लागत नव्हतं, आणि घरच्यांसमोर मात्र ते सतत ठेवावं लागत होतं. आठवड्यातले ते दोन-तीन तास मी मोकळा श्वास घ्यायचे.

अर्णवचं मला फार उशिरा कळलं. त्यानेच परवा सांगितलं. 'आई मरणार का?' असं त्याने तुला विचारलं होतं, आम्हाला विचारायची त्याची हिंमत झाली नव्हती. तू त्याला 'छे, वेड्या' म्हणून उडवून लावलं नाहीस. तू म्हणालीस, 'मला माहीत नाही. डॉक्टरांचे उपचार चांगले चाललेत. आणि मला जे कळेल ते मी तुला खरं सांगेन, लपवणार नाही.' तो म्हणाला, 'मावशी खरं सांगते म्हणून मग मी रोज विचारायचो नाही.' मेधा, हे ऐकल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. माझ्या लेकराची भीती तू एकटीने सांभाळलीस आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाहीस.

आणि मग रेडिएशन संपलं. सगळ्यांना वाटलं, सुटली. अभिनंदनाचे मेसेज आले आणि हळूहळू जो तो आपापल्या कामाला लागला, त्यात काही चूक नाही. पण माझा खरा कडेलोट तिथेच झाला. उपचार चालू असताना निदान काहीतरी करतोय असं तरी वाटायचं. ते थांबल्यावर पाठ दुखली तरी वाटायचं, परत आलं. आनंदी व्हायला हवं होतं आणि होता येत नव्हतं. तू मात्र गुरुवार सोडला नाहीस. 'आता तर बरी आहेस ना?' असं विचारलं नाहीस. आपण नुसत्या चालायला जायचो, आधी कोपऱ्यापर्यंत, मग थोडं पुढे. समुपदेशकाकडे जायचं तूच सुचवलंस, आणि पहिल्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून राहिलीस. मला विचारशील तर तुझं सगळ्यात मोठं देणं हे शेवटचे काही महिने आहेत.

आभार मानले की तू रागावतेस. तरी मानते. मनापासून, पोटापासून.

आता तुझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तू सगळ्यांना 'होईल मॅनेज' म्हणत फिरते आहेस, ते मी ऐकलंय. डॉक्टरांना मी विचारून घेतलंय, रात्री जागायला मला काही हरकत नाही. तेव्हा दवाखान्यातल्या रात्री माझ्या, दिवस तुझे. नवी वही आणली आहे. रविवारी येतेय. काकूंच्या गोळ्यांची नावं आणि वेळा काढून ठेव, म्हणजे पहिल्या पानापासून लिहायला घेऊ.

तुझीच,
अनघा