आईची यंदाची वारी : तीन अभंग

आई तीस वर्षं आळंदीहून पायी गेली. यंदा गुडघ्यांनी साथ सोडली. रोज पालखीचा मुक्काम तिला सांगता सांगता हे अभंग झाले. पहिला आणि तिसरा सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा, दुसरा आठ-आठचा. रात्रीचं बोलणं मोठ्या अभंगात मावेना, त्याला छोटा अभंगच हवा होता. ‘पारू’ ही नाममुद्रा, कारण आई मला त्याच नावानं हाक मारते.

१

माउली निघाली । सोडोनी आळंदी ।
आई घरामंदी । निजलेली ॥

तीस वेळा गेली । पायी पंढरीसी ।
आता उंबऱ्याशी । थांबे पाय ॥

गुडघ्यांची वाटी । झिजूनिया गेली ।
उशाला ठेविली । टाळजोडी ॥

रोज सकाळी ती । पुसे मज गाव ।
सांगते मी नाव । मुक्कामाचे ॥

दिवेघाटी आता । चढण लागली ।
धाप तिला आली । अंथरुणी ॥

जेजुरीचे नाव । ऐकता हसली ।
कपाळी लाविली । हळद मी ॥

नीरेच्या काठास । पादुकांचे स्नान ।
तांब्याभर ऊन । पाणी नेले ॥

पाय धुता धुता । दिसल्या त्या भेगा ।
ओळखीच्या रेघा । वाटेच्याच ॥

चांदोबाच्या लिंबी । रिंगणाची घाई ।
उठू पाहे आई । टापांसंगे ॥

फोनमध्ये दिसे । धावताना घोडा ।
श्वास तिचा थोडा । थांबलेला ॥

पारू म्हणे देवा । मोज तिची वारी ।
यंदाचीही फेरी । जमा कर ॥

२

रात्री हाक देते आई ।
मला जाग येत नाही ॥

दुसऱ्याही हाकेपाठी ।
राग येई ओठांकाठी ॥

किती वेळा उठू आता ।
बोलले मी जाता जाता ॥

तिने डोळे मिटलेले ।
बोल माझे ऐकलेले ॥

पुंडलिका थोर तुझी ।
सेवा; मला लाज माझी ॥

तुझ्या दारी देव येता ।
वीट दिली पाय धुता ॥

माझ्या हाती बाम, तोही ।
चोळताना मन नाही ॥

पहाटेस धरी हात ।
म्हणे, नीज तू निवांत ॥

पारू म्हणे विठोबा रे ।
गिळू कसे बोल सारे ॥

३

एकादशी आज । भगर शिजली ।
आई उठविली । टेकवून ॥

पत्र्याच्या डब्यात । तुळस लावली ।
तीच उचलली । माझ्या डोई ॥

खाटेच्या भोवती । घेतली मी फेरी ।
टाळ तिच्या करी । वाजू लागे ॥

हरिपाठ तिचा । कापत कापत ।
राही अर्धवट । श्वासापायी ॥

उरलेले बोल । मीच पुरे केले ।
तिच्या ओठी आले । हसू थोडे ॥

नामयाची कुठे । पायरी ती पुसे ।
उंबऱ्याशी दिसे । बोट तिचे ॥

टेकले कपाळ । तिच्या सांगण्याने ।
ऊन होते जुने । लाकूड ते ॥

पारू म्हणे विठो । आई निजे आता ।
टाळ मी काढता । जागू नये ॥