नव्या वाचनालयाच्या दारात म्हणायची प्रार्थना

(मुख्याध्यापिकांनी दारात उभं राहून म्हणावी. ‘सर्वजण’ असं लिहिलं आहे तिथे मुलांनी, शिक्षकांनी आणि पालकांनी साथ द्यावी. घाई करू नये.)

हे ज्ञानस्वरूपा,

तुला कोणी देवी म्हणतं, कोणी ईश्वर, कोणी अल्ला, कोणी नुसताच प्रकाश. कोणी तुला काहीच नाव देत नाही आणि तरी तुझा शोध थांबवत नाही. आज आम्ही सगळे मिळून तुझ्यापुढे उभे आहोत. आमच्यात नुकतीच पहिलीत आलेली मुलं आहेत, दहावीच्या परीक्षेचा घोर लागलेली मुलं आहेत, शिकवून शिकवून आवाज बसलेले शिक्षक आहेत. शाळेत आमच्या इयत्ता वेगळ्या, तुझ्यापुढे आम्ही सगळेच विद्यार्थी.

सर्वजण: आम्हाला शिकायचं आहे. आमच्यासोबत राहा.

या खोलीत आजवर मोडके बाक रचून ठेवलेले असायचे. आता भिंतींना कपाटं लागली आहेत. सातवीच्या मुलामुलींनी सुट्टीत बसून पुस्तकांवर शाळेचे शिक्के मारले, प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली, दाखल नोंदवहीत एकेक नाव सुवाच्य अक्षरात उतरवलं. त्यांच्या बोटांवरचा शिक्क्याच्या शाईचा जांभळा डाग अजून पुरता गेलेला नाही. त्याच बोटांनी जोडलेले हात तुझ्यापुढे आहेत. हे काम पूजेचंच होतं असं आम्ही मानतो. तूही ते तसंच मानून घे.

ज्यांना आम्ही कधी पाहिलं नाही, त्यांची आज आठवण करतो. छापखाना नव्हता तेव्हा कुणीतरी एकेक अक्षर हाताने उतरवत होतं. जुन्या पोथ्यांच्या शेवटी ते लेखनिक वाचणाऱ्यासाठी चार ओळी लिहून ठेवत. पाठ, कंबर आणि मान मोडून, नजर खिळवून, तोंड खाली घालून मी हे लिहिलं आहे, मोठ्या कष्टाने लिहिलं आहे, ते जिवापाड जपा, असं ते सांगत. बहुतेकांनी स्वतःचं नावही मागे ठेवलं नाही. त्यांच्या दुखऱ्या मानेचं ऋण आमच्यावर आहे. लिहिणारे, छापणारे, जुळारी, मुद्रितं तपासणारे, चित्रं काढणारे, बांधणी करणारे, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणणारे, या सगळ्यांना आमचा नमस्कार पोचव.

त्याच लेखनिकांच्या पोथीत पुस्तक स्वतःच विनवणी करतं: तेलापासून मला वाचव, पाण्यापासून वाचव, सैल बांधणीपासून वाचव. आम्हीही तेच मागतो. आमच्या पुस्तकांना ओल लागू देऊ नकोस, वाळवी आणि कसर लागू देऊ नकोस, खाऊ खाल्लेल्या हाताने पान उलटायची घाई आम्हाला होऊ देऊ नकोस. पण त्या विनवणीत एक चौथी गोष्टही आहे. मला मूर्खाच्या हाती देऊ नका, असं ते पुस्तक म्हणतं.

इथे आम्ही नम्रपणे वेगळं मागणं मागतो. ज्याला काही येत नाही त्याच्याच हाती आमचं पुस्तक आधी पडो. ज्याला ‘तुला नाही जमायचं’ असं कुणी कधी म्हटलं असेल, त्याच्या हाती पडो. जो पुस्तक उलटं धरतो, ज्याचा हात कापतो, जो फक्त चित्रं पाहून परत ठेवतो, त्याच्याही हाती पडो. अडाणीपणाची कुणाला लाज वाटू नये एवढी माया या खोलीत असू दे.

सर्वजण: कपाट उघडं राहो. पुस्तक हाती पडो.

हे ज्ञानस्वरूपा, कुलपापासून आमचं रक्षण कर. पुस्तक हरवेल, फाटेल, मळेल या भीतीने शाळाशाळांतली कपाटं बंद राहतात, आणि मुलं काचेतून नुसत्या पाठी वाचतात. कधीकाळी युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळदंडांनी फळ्यांना जखडलेली असत. आमच्याकडे साखळ्या नाहीत, पण किल्ली आहे, आणि किल्ली ज्याच्या कमरेला असते त्याचं मन कधी कधी घट्ट होतं. आधी गणित शिकवणारे आणि पुढे ग्रंथपाल झालेले शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं पहिलं सूत्र एवढंच की पुस्तकं वापरासाठी असतात. आम्हाला हे सूत्र आरतीइतकं पाठ होऊ दे. वाचून वाचून फाटलेलं पुस्तक आमच्या हातात आलं तर राग येऊ नये, समाधान वाटावं, आणि आम्ही ते पुन्हा शिवून घ्यावं.

पुस्तकाला नमस्कार करणं सोपं आहे. ते उघडून शेवटपर्यंत जाणं हीच त्याची खरी पूजा. ही पूजा आम्हाला शिकव.

ती कशी असते ते आम्ही रोज पाहतो. दुसरीतलं मूल ओळीखाली बोट ठेवून वाचत असतं. ओठ हलत असतात. मध्येच जोडाक्षर येतं आणि बोट थांबतं. मूल ते फोडून बघतं, पहिला अर्धा भाग म्हणतं, मग दुसरा, मग दोन्ही जवळ आणतं, चुकतं, पुन्हा आणतं. आणि एकदम शब्द उच्चारला जातो. ते मान वर करून कुणी ऐकलं का ते बघतं. त्या क्षणी तू तिथे असतोस याविषयी आमच्या मनात शंका नाही. बाकी कुठे तू सापडशील ते थोरामोठ्यांनी सांगावं, पण तिथे तू असतोस. म्हणून अडखळत वाचणाऱ्याला हसण्याचं पाप आमच्या हातून घडू देऊ नकोस.

सर्वजण: जो सावकाश वाचतो, त्याच्यासाठी आम्ही थांबू.

ज्यांना ही वाट सहज मिळाली नाही, त्यांची आठवण आम्हाला ठेवू दे. सावित्रीबाई फुले पुण्यात १८४८ साली मुलींना शिकवायला निघाल्या तेव्हा त्यांच्या अंगावर शेण आणि दगड आले. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाल्या. आज आमच्या मुली या दारातून कुणाला न विचारता आत जातील. हे सहज वाटणं त्यांनी अंगावर झेललेल्या दगडांतून आलं आहे. अजूनही ज्या घरांत मुलीच्या हातातलं पुस्तक कामासाठी बाजूला ठेवायला लावतात, त्या घरांत तू जा. तिचं निदान ते पान तरी पुरं होऊ दे.

लुई ब्रेल लहानपणी आंधळा झाला, आणि पंधरा वर्षांचा असताना त्याने सहा टिंबांची लिपी तयार केली. आमच्या नववी-दहावीच्या मुलांएवढाच होता तो. खिडकीजवळच्या फळीवर त्या लिपीतली पुस्तकं आम्ही ठेवली आहेत. ती बोटांनी वाचली जावीत. ज्याला दिसत नाही, ज्याला ऐकू येत नाही, ज्याला फार वेळ एका जागी बसवत नाही, अशा कुणालाही ही खोली परकी वाटू नये.

आम्हाला हेही माहीत आहे की ग्रंथ जाळले जातात. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात, आज इराक आहे तिथल्या निनेव्हे शहराच्या राजाने मातीच्या विटांवर लिहिलेला मोठा संग्रह जमवला होता. पुढे ते शहर जळालं. पण मातीचीच अक्षरं ती, त्यांतल्या कितीतरी आगीत भाजून पक्क्या झाल्या आणि आजही वाचता येतात. कागदाचं तसं होत नाही. कागदाला माणसं लागतात. आफ्रिकेतल्या माली देशातल्या टिंबक्टू शहरावर २०१२ साली हल्लेखोर चालून आले तेव्हा तिथल्या ग्रंथपालांनी आणि साध्या घरांतल्या लोकांनी जुनी हस्तलिखितं पत्र्याच्या ट्रंकांत भरून गाड्यांतून, होड्यांतून गुपचूप सुरक्षित जागी नेली. आमच्यावर अशी वेळ येऊ नये. पण एखादं पुस्तक आपल्याला पटत नाही म्हणून ते कुणालाच मिळू नये असं ज्या दिवशी आमच्या मनात येईल, त्या दिवशी त्या ट्रंका आमच्या डोळ्यांपुढे आण.

कारण आम्हाला फक्त आवडतं तेच वाचायचं नाही. आमच्याहून वेगळं बोलणारं पुस्तक आमच्या वाट्याला येऊ दे. दुसऱ्याच्या देवाचं, दुसऱ्याच्या दुःखाचं, हरलेल्या बाजूचं पुस्तक येऊ दे. प्रश्न विचारायची हिंमत दे, आणि छापलेलं आहे म्हणून खरं मानायची सवय लागू देऊ नकोस. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य आमच्या शिक्षकांच्या तोंडून मोकळेपणाने निघू दे, आणि त्याच्या पाठोपाठ ‘चल, शोधू’ हे वाक्यही निघू दे.

सर्वजण: आम्ही विचारू. आम्ही शोधू. सापडलं तर वाटून घेऊ.

आमच्या ग्रंथपाल बाईंना बळ दे. देवघेवीच्या टेबलापाशी मधल्या सुट्टीत झुंबड उडेल. ‘बाई, ते निळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक, कुत्रा असलेलं’ एवढ्याच खुणेवरून त्यांना पुस्तक शोधावं लागेल. ते शोधायचा उत्साह त्यांच्यात टिकून राहू दे. कोणत्या मुलाला आज कोणतं पुस्तक हवं आहे हे ते मूल सांगू शकत नसेल, तेव्हा त्यांना ते उमगू दे. ज्याच्या घरी आजारपण आहे, ज्याचा जिवलग मित्र शाळा सोडून गेला आहे, जो वर्गात कुणाशी बोलत नाही, त्याला या कोपऱ्यात बसू दे. त्याच्या मनातलं नेमकं त्याच्यासाठीच कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं असेल. ते त्याला सापडू दे.

पालकांना थोडी सवड दे, रात्री दोन पानं ऐकण्यापुरती. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही अशा आईबापांची मान मुलाचं वाचन ऐकताना खाली जाऊ नये. ऐकणं हेही शिकणंच आहे, आणि फार जुनं शिकणं आहे. पुष्कळ ज्ञान कागदावर येण्याआधी पिढ्यान्‌पिढ्या कानांनीच जपलेलं होतं.

आणि ज्या मावशींनी ही खोली झाडून, पुसून, जळमटं काढून उभी केली, त्यांना आशीर्वाद दे. कपाटं लावताना त्यांनी एका पुस्तकावरच्या हत्तीच्या चित्रावरून हात फिरवला आणि ‘यात काय लिहिलंय गं?’ असं पाचवीतल्या एका मुलीला विचारलं. तेव्हा घंटा झाली आणि सांगायचं राहून गेलं. आज देवघेवीच्या वहीत पहिलं नाव मावशींचं लिहिलं जाईल. पुस्तक तेच, हत्तीचं. ती मुलगी मधल्या सुट्टीत त्यांना ते वाचून दाखवेल, आणि रोज एक अक्षर मावशी स्वतः गिरवतील, असं दोघींनी ठरवलं आहे. त्यांच्या या कामात खंड पडू देऊ नकोस.

सर्वजण: आमचे हात स्वच्छ आहेत. आमची मनं उघडी आहेत. आम्हाला आत यायची परवानगी दे.

(इथे दार उघडावं. मावशी आणि ती मुलगी पुढे, त्यांच्या मागे पहिलीचा वर्ग.)