बाळाला जुलाब लागले तर: जलसंजीवनी आणि धोक्याच्या खुणा
(अंगणवाडीतील मातांच्या बैठकीत वाचून दाखवण्यासाठी, आरोग्य उपकेंद्राकडून)

माता-भगिनींनो, पहिल्या पावसात विहिरीचे पाणी गढूळ झाले आणि गेल्या पंधरवड्यात वरच्या वाडीतील चार लेकरांना जुलाब लागले. जुलाबाने लेकरू दगावते ते बहुतेक वेळा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून पहिल्या पातळ शौचापासूनच गेलेले पाणी भरून काढायला लागावे, औषधाची वाट पाहू नये.

त्यासाठीचे पाणी म्हणजे जलसंजीवनी, अर्थात ओआरएस. त्याची पाकिटे आशाताईंकडे, अंगणवाडीत आणि उपकेंद्रात मोफत मिळतात. हात साबणाने धुवून, उकळून गार केलेले एक लिटर पाणी स्वच्छ भांड्यात घ्यावे आणि त्यात मोठे पाकीट पूर्ण रिकामे करून विरघळेपर्यंत ढवळावे. आपल्या घरचे पेले लहान-मोठे असतात, म्हणून पाणी पेल्याने न मोजता एक लिटरच्या बाटलीने मोजावे. लहान पाकीट 200 मिलिलिटर पाण्यासाठी असते, तेव्हा पाकिटावरचा आकडा आधी कोणाकडून तरी वाचून घ्यावा. अर्धे पाकीट आज आणि अर्धे उद्या असे कधीही करू नये, कारण साखर आणि मीठ ठराविक प्रमाणात असले तरच आतडे पाणी ओढून घेते. द्रावण घट्ट झाले तर जुलाब वाढतात आणि मीठ बाधते, पातळ झाले तर उपयोग होत नाही. चवीसाठी त्यात वेगळी साखर घालू नये, तयार द्रावण उकळू नये, ते झाकून ठेवावे आणि 24 तासांनी उरलेले फेकून नवे करावे.

पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमच्यावर ढीग ठेवू नये. चाखून पाहावे, अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते ओतून द्यावे.

प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील बाळाला पाव ते अर्धा कप आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक कप द्यावे. लहान बाळाला दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा पाजावे, बाटलीने पाजू नये. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा अधिक सावकाश सुरू करावे. घाईने पाजलेले पाणीच बहुधा उलटून पडते, एवढे सासूबाईंनाही सांगून ठेवा.

अंगावरचे दूध मुळीच बंद करू नये. सहा महिन्यांवरील मुलाला मऊ भात, वरण, खिचडी, ताक, पेज द्यावी. पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवण्याची आपल्याकडची रीत बाळाला आणखी अशक्त करते. चहा, थंड पेये आणि दुकानातली गोड डबाबंद पेये देऊ नयेत. जुलाब थांबवणारी गोळी मनाने देऊ नये. झिंकची गोळी मात्र 14 दिवस द्यावी, जुलाब आधी थांबले तरी: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 20 मिलिग्रॅमची अर्धी गोळी आईच्या दुधात विरघळवून, सहा महिन्यांवरील मुलाला पूर्ण गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून.

आता धोक्याच्या खुणा. डोळे खोल गेले, तोंड कोरडे पडले, रडताना अश्रू येईनात, सहा तास लघवी झाली नाही किंवा मूल पाण्यासाठी हपापल्यासारखे करू लागले, तर पाणी फार कमी झाले आहे. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडावी; ती लगेच सपाट न होता हळूहळू खाली बसली तर धोका मोठा आहे. टाळू खोल गेली तर तेल भरून किंवा तोंडात बोट घालून वर उचलण्याच्या भानगडीत पडू नये. टाळू पाणी कमी झाल्यामुळेच बसलेली असते. दात येताना जुलाब होतातच म्हणून थांबणाऱ्यांनीही या खुणा तपासाव्यात.

यांपैकी काहीही दिसले, शौचात रक्त आले, ताप चढला, प्यायलेले सगळे उलटून पडू लागले, मूल प्यायचे बंद झाले, मलूल पडले, जागे होईना किंवा झटके आले, तर 108 ला फोन करून त्याच क्षणी दवाखान्यात न्यावे. दोन महिन्यांखालील बाळाला जुलाब होताच न्यावे, खुणांची वाट पाहू नये. वाटेत मूल शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर चमच्याने जलसंजीवनी पाजत राहावे, दूधही द्यावे. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात मात्र थेंबभरही पाणी घालू नये. त्याला कुशीवर निजवून न्यावे.