नव्या संगणक प्रणालीची उभारणी पूर्ण झाल्याबद्दल सहकाऱ्यांचे आभार: वाशीतील रुग्णालयाच्या सभागृहातले भाषण

नमस्कार मंडळी.

सकाळची पाळी सुटतेय, दुपारची कामावर येतेय, म्हणून मुद्दाम दोनची वेळ धरली. रात्रपाळीच्या लोकांना उद्या सकाळी आठ वाजता इथेच भेटणार आहे. जे आत्ता कॅज्युअल्टीत आणि आयसीयूत आहेत त्यांना जाऊन भेटेन.

परवा रक्तपेढी जोडली गेली आणि शेवटचा विभाग नव्या प्रणालीवर आला. नोंदणी, ओपीडी, वॉर्ड, लॅब, एक्स-रे, ओटी, फार्मसी, बिलिंग, विम्याचं काम पाहणारा टीपीए डेस्क, सगळं आता एकाच यूएचआयडीवर, म्हणजे रुग्णाच्या एकाच ओळख क्रमांकावर चालतं. याआधी आपल्याकडे तीन वेगळी सॉफ्टवेअर होती, तिघांचे नंबर वेगळे, आणि त्यांना जोडणारा दुवा म्हणजे फाईल हातात घेऊन जिने चढणारी माणसं.

आभार सगळ्यांचेच आहेत. पण सर्वांत आधी त्यांचे, ज्यांनी प्रशिक्षणात हात वर करून सांगितलं, "हे असं चालणार नाही." ही प्रणाली आज नीट चालतेय ती या लोकांमुळे. काय काय त्यांच्यामुळे टळलं ते आज सगळ्यांसमोर सांगायचंय, कारण एका विभागानं काय वाचवलं हे दुसऱ्या विभागाला बहुतेक वेळा कळतच नाही.

नोंदणी काउंटरपासून सुरुवात करतो. आपल्याकडे उरण, पनवेल, घणसोली, कोपरखैरणेहून रुग्ण येतात. म्हात्रे, पाटील, ठाकूर, भोईर, घरत. एकाच गावातले, नाव तेच, वडिलांचं नाव तेच, असे दोन-तीन जण सहज निघतात. जुन्या नोंदीत जन्मतारीख नसायची, फक्त वय असायचं, म्हणून डेटा नव्या प्रणालीत नेताना सगळ्यांचा जन्म एक जानेवारीचा झाला. सुरुवातीला असं ठरत होतं की नाव आणि मोबाईल नंबर जुळला की दोन नोंदी आपोआप एक करायच्या. काउंटरवरच्या मुलींनी तिथेच थांबवलं. घरात मोबाईल एकच असतो, सासूचा आणि सुनेचा नंबर तोच असतो, हे त्यांना रोज दिसतं. एका रुग्णाच्या दोन नोंदी राहिल्या तर जुना इतिहास दिसत नाही, एवढंच. पण दोन माणसांची एक नोंद झाली तर एकाची ॲलर्जी आणि दुसऱ्याचा रक्तगट एका पानावर येतो. म्हणून नियम बदलला: संगणकानं फक्त जोड्या सुचवायच्या, जोडायचं माणसानं, दोघांनी तपासून, आणि जुना नंबर टाकला तरी रुग्ण सापडला पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांसाठी माहेरच्या नावाचा रकानाही त्यांनीच मागून घेतला. हजारो जोड्या या मुलींनी काउंटरची गर्दी सांभाळून तपासल्या. आभा या सरकारी आरोग्य-ओळख नंबरचंही तसंच. तो चौदा अंकी नंबर असेल तर क्यूआर स्कॅन करून माहिती झटकन येते, पण नसेल म्हणून कुणाचे उपचार थांबत नाहीत, हे त्या प्रत्येक आजी-आजोबांना न चिडता समजावून सांगतात. त्यासाठी मनापासून आभार.

आता लॅब. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

यंत्रातून रिपोर्ट थेट संगणकात येणार, हाताने आकडे उतरवायला नकोत, हे ऐकायला सोपं आहे. आपलं सेल काउंटर प्लेटलेट पाठवतं ते हजार प्रति मायक्रोलिटर या एककात. म्हणजे यंत्र २४५ म्हणतं. आपले डॉक्टर वाचतात लाखांत, म्हणजे रिपोर्टवर यायला हवं २.४५ लाख. त्यासाठी शंभरानं भागायचं. चाचणीच्या वेळी त्या जागी हजारानं भागलं जात होतं आणि रिपोर्टवर येत होतं ०.२४५ लाख, म्हणजे साडेचोवीस हजार. आकडा अशक्य असता तर कुणालाही खटकला असता. पण पावसाळ्यात, डेंग्यूचे वॉर्ड भरलेले असताना, साडेचोवीस हजार प्लेटलेट हा अगदी पटणारा आकडा आहे. त्यावरून रुग्णाला आयसीयूत हलवलं जातं, प्लेटलेट मागवल्या जातात. आपल्या लॅब टेक्निशियननी प्रत्येक चाचणीचा यंत्राच्या पडद्यावरचा आकडा आणि छापील रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिला, म्हणून ही चूक एकाही रुग्णापर्यंत पोचण्याआधी सापडली. कुणी सांगितलं नव्हतं एवढ्या बारकाईनं करायला. अशी तपासणी कंटाळवाणी असते, तिचं कौतुक होत नाही. आज ते झालं पाहिजे.

बारकोडचंही लॅबनंच शिकवलं. लेबल ट्यूबच्या लांबीला समांतर, सरळ, सुरकुती न पडता. गोल गुंडाळलं की पट्ट्या वळतात आणि यंत्र वाचत नाही; तिरकं लागलं की कधी वाचतं, कधी नाही, आणि ते जास्त त्रासाचं. रक्ताची पातळी दिसायला एक खिडकी मोकळी ठेवायची. आणि लेबल छापायचं ते रुग्णाच्या खाटेपाशी, मनगटपट्टी स्कॅन करून. नर्सिंग स्टेशनवर दहा लेबलं एकदम छापून ट्रेमध्ये घेऊन गेलं की बारकोडचा सगळा अर्थच जातो, कारण चुकीच्या ट्यूबवरचं लेबलसुद्धा यंत्र बिनचूक वाचतं. सिस्टर, तुम्ही ही सवय महिनाभरात बदललीत, गर्दीच्या वॉर्डांतसुद्धा. हे सोपं नव्हतं.

सिस्टरांचं आणखी एक मोठं काम आहे. प्रणालीत दिवसातून दोनदा असं औषध लिहिलं की वेळा ठरलेल्या होत्या, सकाळी आठ आणि रात्री आठ. डॉक्टरांनी सकाळी दहाच्या राउंडला अँटिबायोटिक लिहिलं, तर पडद्यावर पहिला डोस दिसायचा थेट रात्री आठला. कागदावर काम करताना सिस्टर पहिला डोस लगेच देत होत्या, ते कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून प्रणाली बनवणाऱ्यांना ते कळायला मार्ग नव्हता. सर्जिकल वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरांनी चाचणीच्या दुसऱ्या दिवशी हे दाखवलं. आता प्रत्येक नव्या ऑर्डरला पहिला डोस कधी हे विचारलं जातं. सक्तीच्या रकान्यांचंही त्यांनीच स्पष्ट सांगितलं: भरायला वेळ नसेल तर लोक टिंब टाकून पुढे जातात, आणि टिंबानं भरलेला रकाना रिकाम्यापेक्षा वाईट. त्यामुळे बरेच रकाने ऐच्छिक केले. ॲलर्जीचा सक्तीचा ठेवला, पण 'ॲलर्जी नाही' आणि 'माहिती मिळाली नाही' हे दोन वेगळे पर्याय दिले. बेशुद्ध आलेल्या रुग्णाबाबत हा फरक फार मोठा आहे.

फार्मसीनं शनिवारची अख्खी रात्र आरंभीचा साठा मोजला, बॅच आणि एक्स्पायरीसकट. खरेदी स्ट्रिपमध्ये, वॉर्डला देणं गोळ्यांत. कुठली स्ट्रिप दहाची, कुठली पंधराची. हा एक गुणक चुकला की पडद्यावर साठा दिसतो आणि कपाट रिकामं असतं, किंवा बिलात एका गोळीला अख्ख्या स्ट्रिपची किंमत लागते. प्रत्येक औषधाचं पाकीट हातात घेऊन त्यांनी यादी दुरुस्त केली.

मामा आणि मावशींचं नाव अशा सभांत शेवटी येतं, म्हणून मध्येच घेतो. रुग्ण जनरलमधून सेमीप्रायव्हेटला गेला पण संगणकात जुन्याच खाटेवर राहिला, तर औषधं जुन्या वॉर्डात जातात, जेवण तिकडे जातं आणि खाटेचं भाडंही चुकतं. ट्रॉली दारातून बाहेर काढण्याआधी "सिस्टर, ट्रान्सफर केलं का?" हे विचारायची पद्धत मामांनी पाडली. कुठल्याही सूचनाफलकापेक्षा तिचा उपयोग जास्त झाला. नमुना लॅबच्या खिडकीवर देताना तो स्कॅन झाल्याशिवाय मावशी हलत नाहीत, त्यामुळे 'नमुना पाठवला होता' आणि 'आमच्याकडे आलाच नाही' हा वाद जवळजवळ संपला.

आयटीच्या मंडळींनी सर्व्हर तर सांभाळलाच, पण त्यांचं खरं काम छताखाली आणि डक्टमध्ये आहे. वीज गेली की जनरेटर काही सेकंदांत येतो. सर्व्हर यूपीएसवर असल्यानं चालू राहायचा, पण वॉर्डांतले नेटवर्क स्विच थेट विजेवर होते; ते बंद पडून पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटं जायची आणि वॉर्डाला वाटायचं सॉफ्टवेअर बंद पडलं. आता प्रत्येक मजल्यावरच्या स्विचला स्वतंत्र यूपीएस आहे. इंटरनेटच्या दोन लाइन होत्या, दोन कंपन्यांच्या, पण रस्त्याखालून एकाच डक्टमधून आलेल्या. पावसाळ्याआधीच्या खोदकामात एक फावडं दोन्ही तोडू शकतं हे त्यांनी नकाशा घेऊन दाखवलं, आणि दुसरी जोडणी गच्चीवरून वायरलेस घेतली.

रेडिओलॉजी, बिलिंग आणि टीपीए डेस्क: यंत्रावर आपोआप येणाऱ्या रुग्णांच्या यादीमुळे, म्हणजे वर्कलिस्टमुळे, रुग्णाचं नाव पुन्हा टाइप करणं थांबलं, आणि उरलेली औषधं परत करणं आदल्या संध्याकाळीच होत असल्यानं डिस्चार्जचा ताण उतरतोय. निवासी डॉक्टरांनी लिहायला जास्त वेळ लागत असतानाही कागदाकडे परत न जाता नेहमी एकत्र लागणाऱ्या ऑर्डरींचे तयार संच सुधारून घेतले. सॉफ्टवेअर कंपनीची मुलं तर रात्र रात्र वॉर्डात खुर्ची टाकून बसली. तुम्हा सगळ्यांचे आभार.

आता पुढचं. महिनाअखेरीपर्यंत प्रत्येक मजल्यावर मदतनीस असतील, त्यानंतर हेल्पडेस्कचा फोन. प्रणाली बंद पडली तर लाल फाईल काढायची. तिच्यात आधीच नंबर छापलेले तात्पुरते फॉर्म आहेत. सुरू झाल्यावर नोंदी भरायचा क्रम मोडू नका: आधी नोंदणी, मग भरती, मग ऑर्डर, मग रिपोर्ट, शेवटी बिल. आणि स्वतःचा पासवर्ड कुणालाही देऊ नका, घाईतसुद्धा नाही. औषध दिलं कुणी हे रुग्णाच्या नोंदीत खरं राहिलं पाहिजे.

काही अडलं, काही चुकीचं दिसलं, तर पूर्वीसारखंच सांगत राहा. तक्रारींची यादी दर बुधवारी साडेतीनला उघडते आणि ज्यानं मुद्दा मांडला त्याला उत्तर मिळाल्याशिवाय तो मुद्दा बंद होत नाही.

बाहेर चहा आणि बटाटेवडे आहेत. दुपारच्या पाळीवाल्यांनी आधी घ्या, वॉर्ड वाट बघतायत.