गटचर्चेसाठी प्रसंग : एक शून्य जास्त

गट चार-पाच जणांचा. वेळ वीस मिनिटं.

वाईत अण्णांचं किराणा दुकान आहे. वसुबारसेची संध्याकाळ. काउंटरपुढे फराळाच्या याद्या घेऊन उभी असलेली गर्दी, बाहेर फटाके. शाळेच्या गाडीवरचा ड्रायव्हर भाजके पोहे, डाळं, शेंगदाणे, साखर आणि तेलाची एक पिशवी घेतो. बिल ४६८ रुपये. तो कोड स्कॅन करतो, मोबाईल लांबूनच दाखवतो, अण्णा मान डोलावतात. पैसे आल्याचं सांगणारा डबा बोलतो, पण लवंगी माळेच्या आवाजात आकडा कुणालाच ऐकू येत नाही.

रात्री साडेदहाला गल्ला मोजून झाल्यावर अण्णा मोबाईलवरच्या नोंदी वहीशी ताडून बघतात. ४६८ कुठेच नाहीत, ४,६८० आहेत. म्हणजे ४,२१२ रुपये जादा आलेत.

ड्रायव्हरचा नंबर अण्णांकडे आहे, कारण उधारीच्या वहीत त्याच्या नावावर गणपतीपासूनचे २,१५० रुपये पडून आहेत. दोनदा आठवण करून झाली.

मुलगा म्हणतो, "उधारी वळती करून घ्या बाबा, वरचे २,०६२ त्याला देऊन टाकू. हिशोब चोख."

बायको म्हणते, "अहो, त्याच्याही घरी सण आहे. कशासाठी ठेवले असतील ते पैसे, आपल्याला काय माहीत? आत्ताच्या आत्ता फोन लावा."

अण्णांना सकाळी होलसेलवाल्याचे ४,००० द्यायचेत. ते म्हणतात, "विचारायला आला की देऊ. आपण कुठं पळून चाललोय?"

गटप्रमुखांसाठी : "पैसे परत करावेत का?" हा प्रश्न टाकूच नका. त्यावर मिनिटभरात सगळ्यांचं एकमत होतं आणि मंडळी चहाची वाट बघत बसतात. कायदाही तेच सांगतो. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७२ : चुकून मिळालेले पैसे परत करावे लागतात. खरी गोम उधारीत आहे. येणं खरं, रक्कम खरी, मग न विचारता वळती करून घेण्यात वावगं काय? बहुतेक दुकानदार इथे मुलाच्या बाजूने जातात. जाऊ द्या, लगेच अडवू नका. मग विचारा : हीच चूक तुमच्या हातून झाली असती आणि समोर तुमचा होलसेलवाला असता, तर? अण्णांच्या "विचारायला आला की" याचाही कीस काढा. एका रात्रीचा उशीर कितपत चालतो, आणि कोणाच्या सोयीसाठी?

दहा मिनिटांनी पुढचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवा.

धनत्रयोदशी, सकाळचे साडेआठ. अण्णांनी अजून फोन केलेला नाही. ड्रायव्हर दुकानात येतो, उटण्याची दोन पाकिटं मागतो आणि खालमानेने म्हणतो, "अण्णा, एवढं लिहून ठेवा. खात्यात पैसेच नाहीत, कुठं गेले काय कळंना."

प्रत्येकाने अण्णांचं पहिलं वाक्य कागदावर लिहायचं. शेजाऱ्याचं न बघता.